'ने' वाढले की 'पर्यंत' वाढले?
आलेखाचे वर्णन करताना लागणारे छोटे शब्द

प्रयोगशाळेतला एक साधा प्रयोग घेऊ. चंचुपात्रात १०० ग्रॅम पाणी घेतले, त्यात तापमापी सोडली आणि खाली स्पिरिटचा दिवा लावला. सुरुवातीला पाण्याचे तापमान २८ अंश सेल्सिअस होते. दर मिनिटाला नोंद केली आणि आलेख काढला. पाच मिनिटांनी तापमापीत ४५ अंश दिसले आणि आपण दिवा विझवला.

आता दोन मुलांच्या वह्या पाहा. एकाने लिहिले आहे, "पाच मिनिटांत पाण्याचे तापमान ४५ अंशांपर्यंत वाढले." दुसऱ्याने लिहिले आहे, "पाच मिनिटांत पाण्याचे तापमान ४५ अंशांनी वाढले." दोघांचा आलेख एकच, आकडाही एकच. फरक आहे तो फक्त आकड्याला चिकटलेल्या प्रत्ययाचा. पण दुसऱ्या वहीवर विश्वास ठेवला, तर पाणी २८ अधिक ४५, म्हणजे ७३ अंशांना पोचले असे मानावे लागेल.

ही चूक भाषेच्या तासापुरतीच राहत नाही. १ ग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवण्यास सुमारे १ कॅलरी उष्णता लागते, हे तुम्ही शिकला आहात. या हिशेबाने पहिल्या वहीतील पाण्याने १०० गुणिले १७, म्हणजे १७०० कॅलरी उष्णता घेतली. दुसऱ्या वहीतील वाक्य खरे मानले तर उत्तर ४५०० कॅलरी येते. एका 'नी' ने उष्णता अडीच पटींहून अधिक फुगली! शिवाय कॅलरीची व्याख्या पुन्हा वाचा. तीत '१ अंशाने' असे म्हटले आहे, '१ अंशापर्यंत' असे नाही. व्याख्या जर 'पर्यंत' ने लिहिली, तर तिला काही अर्थच उरणार नाही.

रेषालेखाचे वर्णन मराठीत असो की इंग्रजीत, त्यात हे छोटे शब्द वारंवार येतात. इंग्रजीत 'रोझ बाय' आणि 'रोझ टू' यांत नेमका हाच भेद आहे. ('राइझ' म्हणजे वाढणे, 'रोझ' हे त्याचे भूतकाळी रूप.) या लेखात आपण एक प्रसिद्ध आलेख समोर ठेवून हे शब्द नीट तपासून पाहू.

दोन वेगळे प्रश्न

रेषालेखावर कोणताही बदल दोन बिंदूंमध्ये घडतो. एक सुरुवातीचा, दुसरा शेवटचा. त्यांवरून दोन निरनिराळे प्रश्न विचारता येतात. पहिला : राशी कोठे पोचली? याचे उत्तर उभ्या अक्षावर थेट वाचता येते. दुसरा : राशी किती बदलली? याचे उत्तर अक्षावर कोठेही छापलेले नसते. ते वजाबाकी करून काढावे लागते.

'पर्यंत', 'वर' आणि इंग्रजीतला 'टू' हे पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला लागतात. 'ने', 'नी' आणि इंग्रजीतला 'बाय' हे दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला लागतात. एवढा एकच भेद मनात पक्का बसला, तर बाकीचे पुष्कळसे आपोआप जमते. आकडा अक्षावर वाचला असेल तर 'टू', वजाबाकीने काढला असेल तर 'बाय'.

सुरुवातीचा बिंदू सांगण्यास मराठीत 'पासून' किंवा 'वरून' आणि इंग्रजीत 'फ्रॉम' वापरतात. "तापमान २८ अंशांवरून ४५ अंशांवर गेले." या वाक्यात दोन्ही बिंदू आले आहेत, म्हणून फरक वाचकाला स्वतः काढता येतो. "तापमान १७ अंशांनी वाढून ४५ अंश झाले," या वाक्यातही काही कमी नाही, कारण ४५ मधून १७ वजा केले की सुरुवातीचा बिंदू मिळतो. पण "तापमान १७ अंशांनी वाढले" एवढेच लिहिले, तर पाणी कोमट होते की उकळीला आले होते, हे वाचकाला कळणार नाही. म्हणून तीन आकड्यांपैकी, म्हणजे सुरुवात, शेवट आणि फरक यांपैकी, कोणतेही दोन द्यावेत. तिसरा त्यांतून निघतो, आणि आपले वाक्य बरोबर आहे की नाही याची पडताळणीही त्यानेच होते.

मौना लोआचा आलेख

आता तो प्रसिद्ध आलेख पाहू. हवाई बेटांवर मौना लोआ नावाचा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, एक वेधशाळा आहे. तेथे १९५८ च्या मार्च महिन्यात चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सातत्याने मोजण्यास सुरुवात केली. त्या मोजमापांच्या आलेखाला आज 'कीलिंग वक्र' म्हणतात. शहरे आणि कारखाने यांपासून दूर, भर महासागरात आणि उंचावर असल्यामुळे तेथील हवा बरीचशी सरमिसळ झालेली असते. म्हणून तेथील आकडा साऱ्या उत्तर गोलार्धाच्या हवेची चांगली कल्पना देतो.

प्रमाण दहा लाखांमागे किती भाग, असे सांगतात. म्हणजे कोरड्या हवेचे दहा लाख रेणू घेतले तर त्यांत कार्बन डायऑक्साइडचे किती रेणू सापडतील, ती संख्या. पुढे आपण थोडक्यात नुसते 'भाग' म्हणू. दर दहा वर्षांनी वार्षिक सरासरी काय होती, ते पूर्णांकात असे :

१९६० : ३१७ भाग
१९७० : ३२६ भाग
१९८० : ३३९ भाग
१९९० : ३५४ भाग
२००० : ३७० भाग
२०१० : ३९० भाग
२०२० : ४१४ भाग

आलेखकागद घ्या. आडव्या अक्षावर वर्षे आणि उभ्या अक्षावर भाग मांडा. उभा अक्ष शून्यापासून सुरू केलात तर रेषा कागदाच्या वरच्या भागात अडकून जवळजवळ सपाट दिसेल. म्हणून तो ३०० पासून सुरू करा आणि तसे अक्षाजवळ स्पष्ट दिसू द्या. सात बिंदू मांडून जोडा आणि मग वर्णन लिहायला घ्या.

पहिला प्रश्न : कोठे पोचले? १९७० मध्ये प्रमाण ३२६ भागांवर गेले. इंग्रजीत 'रोझ टू ३२६'. हा आकडा अक्षावर वाचला. दुसरा प्रश्न : किती वाढले? ३२६ वजा ३१७, म्हणजे ९. प्रमाण ९ भागांनी वाढले. इंग्रजीत 'रोझ बाय ९'. हा आकडा आलेखावर कोठेही लिहिलेला नाही.

आता याच रीतीने प्रत्येक दशकाची वजाबाकी करून पाहा. उत्तरे अनुक्रमे ९, १३, १५, १६, २० आणि २४ येतात. 'टू' चे आकडे आपल्याला एवढेच सांगतात, की प्रमाण चढत गेले. 'बाय' चे आकडे त्याहून महत्त्वाची गोष्ट सांगतात : चढण्याचा वेगही वाढत गेला. १९६० नंतरच्या दहा वर्षांत ९ भागांची भर पडली, तर २०१० नंतरच्या दहा वर्षांत २४ भागांची. रेषा नुसती वर जात नाही, ती अधिकाधिक चढी होत जाते. ज्याने सगळीकडे 'टू' च लिहिले, त्याच्या वर्णनातून ही गोष्ट निसटून जाईल. आणि ज्याने सगळीकडे 'बाय' च लिहिले, त्याच्या वाचकाला हवेत एकूण किती वायू आहे हेच कळणार नाही. दोन्ही हवेत, पण आपापल्या जागी.

'वर' हा शब्द फसवतो

मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना इंग्रजी वर्णन लिहिताना एक खास अडचण येते. आपला 'वर' हा शब्द दोन कामे करतो. "प्रमाण ३२६ वर गेले" यात हालचाल आहे. "तापमान शून्यावर राहिले" यात हालचाल नाही. आपण क्रियापदावरून अर्थ ओळखतो. इंग्रजीत मात्र अव्ययच बदलावे लागते. हालचाल असेल तर 'टू', मुक्काम असेल तर 'ॲट'.

बर्फ तापवण्याचा प्रयोग आठवा. बर्फ वितळत असताना उष्णता देत राहिलो आणि नीट ढवळत राहिलो, तरी तापमान शून्य अंशावरच राहते, आणि आलेखाची रेषा आडवी होते. त्या आडव्या भागाला 'रिमेन्ड ॲट झीरो' म्हणावे. तेथे 'टू' चालणार नाही, कारण राशी कोठेही गेली नाही. त्याचप्रमाणे "१९६० मध्ये प्रमाण ३१७ होते" याला 'स्टूड ॲट ३१७' म्हणतात. ती त्या क्षणाची स्थिती झाली.

शिखराचेही तसेच. कीलिंग वक्र महिन्यावार काढला तर रेषा सरळ चढत नाही, करवतीच्या दातांसारखी वरखाली होत चढते. उत्तर गोलार्धात जमीन जास्त, म्हणून झाडेझुडपेही जास्त. तेथील वसंत आणि उन्हाळ्यात झाडे पालवतात आणि प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात. हिवाळ्यात पाने गळतात, कुजतात आणि तो वायू पुन्हा हवेत येतो. त्यामुळे दर वर्षी मे महिन्यात प्रमाण सर्वांत जास्त असते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वांत कमी. २०२० साली मे महिन्यातील सरासरी सुमारे ४१७ भाग होती. पुढच्या चार महिन्यांत ती सुमारे ६ भागांनी उतरून सुमारे ४११ वर आली.

याचे वर्णन करताना 'पीक्ड ॲट ४१७' म्हणावे, 'पीक्ड टू' नव्हे, कारण शिखर ही एक जागा आहे. त्यानंतरच्या उतरणीला 'फेल बाय ६' आणि 'फेल टू ४११' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. आणि वर्षभराच्या एकूण हेलकाव्याला 'फ्लक्च्युएटेड बिट्वीन ४११ अँड ४१७' म्हणजे ४११ आणि ४१७ यांच्या दरम्यान वरखाली होत राहिले, असे म्हणतात. येथे 'बिट्वीन' च्या जोडीला 'अँड' च येतो, 'टू' येत नाही. 'टू' ला जोडी हवी ती 'फ्रॉम' ची.

एक क्रियापद याला अपवादासारखे आहे. 'रीच' म्हणजे पोचणे. आपण "३९० ला पोचले" म्हणतो, म्हणून इंग्रजीतही 'रीच्ड टू ३९०' असे लिहिण्याचा मोह होतो. ते चूक आहे. 'रीच्ड ३९०' एवढेच लिहावे, कारण पोचण्याची जागा त्या क्रियापदातच सामावलेली आहे.

'पर्यंत' म्हणजे कधी 'टू', कधी 'बाय'

आता याहून अवघड जागा पाहू. २०१८ साली हवामानबदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाने एक अहवाल प्रसिद्ध केला. पृथ्वीची तापमानवाढ दीड अंशावर रोखायची असेल तर काय करावे लागेल, याचा त्यात हिशेब आहे. त्यातील एक निष्कर्ष असा : मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडचे जगातील निव्वळ उत्सर्जन २०१० च्या तुलनेत २०३० पर्यंत सुमारे ४५ टक्क्यांनी घटले पाहिजे.

या वाक्याचे इंग्रजी करताना वर्ग नेहमी अडखळतो. "२०३० पर्यंत" यात 'पर्यंत' आहे, म्हणून 'टू २०३०' लिहावे काय? नाही. इंग्रजीत तेथे 'बाय २०३०' येते. आणि "४५ टक्क्यांनी" यालाही 'बाय ४५ पर्सेंट' च येते. म्हणजे एकाच वाक्यात दोन 'बाय' आले, पण अर्थ दोन. आकड्याआधीचा 'बाय' बदलाचे माप सांगतो, वर्षाआधीचा 'बाय' मुदत सांगतो. मराठीत मात्र मापाला 'नी' आणि मुदतीला 'पर्यंत' असे दोन वेगळे शब्द आहेत. या जागी आपली भाषा इंग्रजीपेक्षा स्पष्ट आहे. म्हणून शंका आली की आधी वाक्य मराठीत म्हणून पाहा.

उलट दिशेने मात्र सावध राहा. मराठीतला 'पर्यंत' आडव्या अक्षावरील वर्षाला लागला आणि मुदत सांगत असला, तर इंग्रजीत 'बाय' करा. उभ्या अक्षावरील राशीला लागला तर 'टू' करा. "१९७० पर्यंत प्रमाण ३२६ भागांपर्यंत वाढले," यात दोन 'पर्यंत' आहेत. पहिल्याचा 'बाय १९७०' होतो, दुसऱ्याचा 'टू ३२६'.

आता अहवालातील त्या वाक्यात चुकून 'ने' च्या जागी 'पर्यंत' पडला असता तर काय झाले असते, ते पाहा. सोयीसाठी २०१० चे उत्सर्जन १०० धरू. ४५ टक्क्यांनी घटले तर उरते ५५. ४५ टक्क्यांपर्यंत घटले तर उरते ४५, म्हणजे कपात झाली ५५ ची. दोन्ही वाक्यांत आकडा ४५ च, पण सगळ्या जगाला करावयाच्या कपातीत दहा टक्क्यांचा फरक पडला. घट जर नेमकी निम्मी, म्हणजे ५० टक्के असती, तर 'ने' आणि 'पर्यंत' यांनी एकच उत्तर आले असते आणि चूक कोणाच्या ध्यानातही आली नसती. म्हणून असे वाक्य तपासताना निम्म्याचे उदाहरण कधी घेऊ नका.

टक्क्यांचा घोळ

टक्क्यांच्या बाबतीत आणखी एक खड्डा आहे. राशी स्वतःच टक्क्यांत मोजलेली असेल, तर 'टक्क्यांनी वाढली' याचे दोन अर्थ होतात.

महाराष्ट्रातील साक्षरतेचे उदाहरण घ्या. जनगणनेनुसार सात वर्षे आणि त्यांवरील लोकांत साक्षरांचे प्रमाण १९९१ मध्ये ६४.९ टक्के होते, ते २००१ मध्ये ७६.९ टक्के झाले. 'टू' चे वाक्य सोपे आहे : प्रमाण ७६.९ टक्क्यांवर गेले. पण 'बाय' चे? वजाबाकी केली तर १२ येतात. हे १२ मूळच्या ६४.९ चे किती टक्के, हे काढले तर सुमारे १८.५ येतात. मग साक्षरता १२ टक्क्यांनी वाढली की १८.५ टक्क्यांनी?

शास्त्रीय लेखनात या दोन्हींना वेगळी नावे आहेत. दोन टक्केवाऱ्यांच्या नुसत्या वजाबाकीला इंग्रजीत 'पर्सेंटेज पॉइंट' म्हणतात. मराठीत आपण 'टक्केवारीचे अंक' म्हणू. मूळ राशीच्या मानाने काढलेल्या वाढीला नुसते 'टक्के' म्हणावे. म्हणून, साक्षरतेचे प्रमाण टक्केवारीच्या १२ अंकांनी वाढले, किंवा १८.५ टक्क्यांनी वाढले. दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण "१२ टक्क्यांनी वाढले" हे वाक्य वाचकाला अंधारात ठेवते. याही ठिकाणी दोन्ही टोके देणे हा सर्वांत सोपा उपाय. "६४.९ टक्क्यांवरून ७६.९ टक्क्यांवर गेले," असे लिहिले की संशयाला जागाच उरत नाही.

'दुप्पट' या शब्दाचेही असेच आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे २८० भाग होते. ते दुप्पट झाले तर पृथ्वी किती तापेल, हा प्रश्न स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८९६ सालीच गणिताने सोडवण्याचा प्रयत्न केला होता. हवामानशास्त्रात तो आजही महत्त्वाचा आहे. दुप्पट झाले म्हणजे ५६० भाग. पण कोणी "दुपटीने वाढले" असे लिहिले, तर अक्षरशः अर्थ लावणारा वाचक २८० मध्ये ५६० मिळवून ८४० करील, कारण 'ने' हे बदलाचे माप आहे असे आपणच त्याला शिकवले. म्हणून 'दुप्पट झाले' असेच लिहावे. इंग्रजीत 'डबल्ड' हे क्रियापद एकटेच पुरते, त्याला 'बाय' लागत नाही. 'बाय अ फॅक्टर ऑफ टू' असा एक शब्दप्रयोग वैज्ञानिक लेखनात आढळेल. तेथे 'बाय' असूनही अर्थ वजाबाकीचा नसून गुणाकाराचा असतो, म्हणजे दुप्पट एवढाच. आपल्या नियमाची मर्यादा येथे लक्षात ठेवा.

क्रियापदाचे नाम झाले की

वर्णनात सारखे 'वाढले, वाढले' लिहिण्याचा कंटाळा येतो, म्हणून कधी 'वाढ' हे नाम वापरावे लागते. मराठीत त्याबरोबर प्रत्यय बदलतो. "९ भागांनी वाढले" याचे "९ भागांची वाढ झाली" असे होते. इंग्रजीतही 'बाय' जाऊन बहुधा 'ऑफ' येतो : 'अ राइझ ऑफ ९'. आणि वाढ कशातील, हे सांगायला आपल्या 'तील' च्या जागी 'इन' येतो. "कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणातील ९ भागांची वाढ" या एकाच शब्दसमूहात 'तील' साठी 'इन' आणि 'ची' साठी 'ऑफ' असे दोन्ही आले.

क्रियापद निवडतानाही एक गोष्ट पाहावी. 'राइझ' म्हणजे वाढणे आणि 'रेझ' म्हणजे वाढवणे. आपल्याकडे जसा "तापमान वाढले" आणि "दिव्याने तापमान वाढवले" यांत फरक आहे, तसाच तो आहे. आलेखातील रेषा स्वतः वाढते, म्हणून तिला 'रोझ' हवे. 'रेझ्ड' लिहिले तर कोणी वाढवले हे विचारावे लागेल.

सगळे एकत्र

आता मौना लोआच्या आलेखाचे वर्णन असे लिहिता येईल :

"१९६० मध्ये हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाखांमागे ३१७ भाग होते. पुढील दहा वर्षांत ते ९ भागांनी वाढून ३२६ वर गेले. त्यानंतर प्रत्येक दशकातील वाढ आधीच्या दशकापेक्षा अधिक होती. २००० मध्ये प्रमाण ३७० ला पोचले. २०१० ते २०२० या काळात त्यात २४ भागांची वाढ झाली आणि ते ४१४ भागांवर गेले. साठ वर्षांत प्रमाण एकूण ९७ भागांनी, म्हणजे सुमारे ३१ टक्क्यांनी वाढले."

या परिच्छेदातील प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीने खूण करा. अक्षावर वाचलेल्या आकड्याखाली एक रेघ आणि वजाबाकीने काढलेल्या आकड्याखाली दोन रेघा. मग पाहा, एका रेघेच्या आकड्यांना 'होते', 'वर', 'ला' लागले आहेत आणि दोन रेघांच्या आकड्यांना 'नी' किंवा 'ची'. एखादी जागा जुळली नाही, तर तेथे चूक आहे असे समजावे. आपल्या स्वतःच्या वहीतील वर्णनही याच रीतीने तपासता येते. शिक्षकांनाही एकमेकांच्या वह्या तपासण्याचा हा उद्योग वर्गाला देता येईल.

सोडवून पाहा

१. सकाळी ६ वाजता तापमान १९ अंश होते. दुपारी २ पर्यंत ते १४ अंशांनी वाढले. दुपारचे तापमान किती? हेच वाक्य 'वरून' आणि 'वर' वापरून लिहा.

२. विहिरीत ८ मीटर पाणी होते. एकाने लिहिले, "पाणी २ मीटरने घटले." दुसऱ्याने लिहिले, "पाणी २ मीटरपर्यंत घटले." प्रत्येकाच्या मते किती पाणी उरले?

३. "पाणी ४ मीटरने घटले" आणि "पाणी ४ मीटरपर्यंत घटले" ही वाक्ये याच विहिरीसाठी लिहिली, तर चूक का सापडणार नाही?

४. "२०२० पर्यंत प्रमाण ४१४ भागांपर्यंत वाढले." यातील कोणत्या 'पर्यंत' ला 'बाय' आणि कोणत्या 'पर्यंत' ला 'टू' येईल?

उत्तरे : १. ३३ अंश, तापमान १९ अंशांवरून ३३ अंशांवर गेले. २. पहिल्याच्या मते ६ मीटर, दुसऱ्याच्या मते २ मीटर. ३. ४ हे ८ चे निम्मे, म्हणून दोन्ही रीतींनी ४ मीटरच उरते. ४. वर्षाच्या 'पर्यंत' ला 'बाय', भागांच्या 'पर्यंत' ला 'टू'.